खंदकातलं पाणी काढू नये

गोमतीकाठच्या या शहरात, तेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या मागे एक तळं आहे. इथले जुने लोक त्याला पोखर म्हणतात; बिल्डरच्या रंगीत नकाशात ते नव्हतंच. आठ महिने त्याच्याकडे कोणी बघत नाही. श्रावण लागला की मात्र सगळ्यांना त्याची आठवण होते, कारण पाणी वर चढतं आणि मागच्या कुंपणाच्या भिंतीला लागतं. भिंतीला लागून गाड्या उभ्या असतात, विजेची मोठी पेटी असते आणि त्यांच्या अलीकडे तळमजल्यावरची आमची स्वयंपाकघराची खिडकी.

परवा तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी सोसायटीचे अध्यक्ष मिश्राजी दारात उभे. त्यांनी कुठूनसा डिझेलचा भलामोठा पंप मागवला होता, तो तळ्याच्या काठी येऊन उभाही राहिला होता. पंप कुठे लावायचा एवढंच मला सांगायचं होतं. मी रेल्वेतली निवृत्त इंजिनिअर. आयुष्य पुलांच्या आणि रुळांच्या खालची माती सांभाळण्यात गेलं, त्यामुळे आमच्याकडे नळ गळला तरी लोक मला विचारतात. "दो घंटे में पूरा तालाब खाली," मिश्राजी म्हणाले. पाणी उपसून झालं की पुढे उन्हाळ्यात मलबा टाकून तळं बुजवायचं, वर पार्किंग करायचं, हेही जवळजवळ ठरलं होतं.

मी गमबूट बाहेर काढले. अमीनाबादच्या बाजारातून घेतलेले, काळे, गुडघ्यापर्यंतचे. ते घेतले होते सात वर्षांपूर्वी, अंगकोरला जाताना. पाय आत घालता घालता मला तो सगळा पावसाळा आठवला.

कंबोडियातल्या त्या देवळांच्या डागडुजीसाठी आपल्याकडून एक छोटी तुकडी गेली होती. तिला पायाचं समजणारं माणूस हवं होतं. नवरा, अनिल, बँकेत. त्याची बदली तेव्हा होण्यासारखी नव्हती. तो म्हणाला, "जा, पण तिथेही पावसातच जातेयस, नशीब तुझं." लेक इरा बारा वर्षांची होती. तिने हिंदीतच विचारलं, मम्मी, मंदिर के लिए ट्रेन वाली क्यों? देऊळ असो नाहीतर रूळ, खालची माती दोघांना सारखीच छळते, असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली.

अंगकोर म्हणजे एक देऊळ नव्हे. पाचपन्नास चौरस किलोमीटरांत मावणारं प्रकरणही नव्हे ते. देवळं, रस्ते, बांध, कालवे, तळी यांचं अख्खं शहर होतं ते, आपल्याकडच्या यादवांच्या आगेमागे भरभराटलेलं. मधलं सगळ्यात मोठं देऊळ अंगकोर वाट, मुळात विष्णूचं. त्याच्याभोवती चौकोनी खंदक आहे, दोनशे मीटरला थोडा कमी रुंद. पहिल्या दिवशी त्याच्या काठी उभी राहिले तेव्हा मला वाटलं, हा खंदक शत्रूला अडवायला असणार. शाळेत किल्ले शिकलेल्या मराठी माणसाला दुसरं काय वाटणार?

माझं काम मोठ्या देवळात नव्हतं. खंदकापासून हाकेच्या अंतरावर एक लहान, फारसं कोणी न येणारं देऊळ होतं. त्याच्या ओसरीचे खांब एका बाजूला झुकू लागले होते. पाया बघायचा म्हणून आम्ही ओसरीला लागून एक खड्डा घेतला. वर वालुकाश्म, खाली जांभा. जांभा बघून मला फार बरं वाटलं. नोकरीच्या सुरुवातीला कोकणात रुळांच्या कामावर होते, तिथे याच लाल दगडाने माझे बूट दोन वर्षं रंगवले होते. जांभ्याच्या खाली मात्र नुसती वाळू. बारीक, घट्ट ठोकून बसवलेली, ओलसर वाळू. एवढं दगडी ओझं वाळूवर उभं आहे हे बघून मी कामगारांसमोर मान हलवली. त्या मान हलवण्यात थोडा तोरा होता.

तिथला मुकादम होता सारून. साठीच्या पुढचा, सडपातळ, गळ्यात चौकड्याचा पंचा. सगळे त्याला 'ता सारून' म्हणत. ता म्हणजे आजोबा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला ख्मेर येत नव्हती. मधे बोफा नावाची तरुण इंजिनिअर होती, ती दोन्हीकडचं इकडे तिकडे करायची. ता सारून फार बोलायचा नाही. जेवायच्या सुट्टीत ओसरीच्या पायरीवर बसून तो खंदकाकडे बघत असे. मला वाटायचं, म्हातारा आराम करतोय.

पावसाळा रंगात आला तसा खड्डा रोज सकाळी पाण्याने भरलेला सापडू लागला. खंदकाची पातळी चढली की खड्ड्यातली चढायची. मी वैतागले. आमच्या रेल्वेत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवतात: पाणी काढा. रुळाखाली पाणी नको, भरावात पाणी नको, पुलाच्या मागे पाणी नको. पाणी साठलं की माती सुटते, माती सुटली की गाडी घसरते. तीस वर्षं मी हेच घोकलं आणि दुसऱ्यांकडून घोकून घेतलं. तेव्हा मी एक पंप मागवला, खड्ड्यात नळी सोडली आणि पाणी उपसून परत खंदकात सोडायला लावलं. जे पाणी सोडलं तेच फिरून येत होतं, हे सुद्धा मला दिसलं नाही.

पंप सुरू करू नये असं ता सारूनने बोफाकरवी सांगितलं. मी ऐकून घेतलं नाही. खड्डा कोरडा झाल्याशिवाय पाया कसा दिसणार, असं मी बोफाला सांगितलं, आणि तिने ते त्याला किती गोड करून सांगितलं कोण जाणे.

तासाभराने तो पंपाच्या तोंडाशी गेला. पत्र्याच्या मगमध्ये त्याने नळीचं पाणी धरलं आणि तो पायरीवर ठेवून शेजारी उकिडवा बसून राहिला. मी लांबून बघत होते. थोड्या वेळाने त्याने मला हात केला. वरचं पाणी निवळलं होतं. तळाशी दोन बोटं बारीक वाळू बसली होती.

"हे खड्ड्याचं पाणी नाही," बोफा त्याचं बोलणं सांगू लागली, "तो म्हणतोय, तुम्ही देवळाचा पाया बाहेर काढताय."

मी वळून ओसरीकडे बघितलं. झुकलेल्या खांबाच्या जुन्या तड्यावर मी स्वतः काचेची पट्टी चिकटवली होती. तडा रुंदावला तर काच आधी फुटते, साधी युक्ती. काच मधोमध फुटली होती.

पुढचे दोन तास मला अजून तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. पंप बंद केला. आणि मग, जे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: बादल्यांनी खंदकातलं पाणी आणून खड्ड्यात ओतलं. आत आणि बाहेर पातळी सारखी झाल्याशिवाय वाळूचं धावणं थांबणार नव्हतं. ता सारून, सगळे कामगार, बोफा, मी, सगळ्यांची रांग. पाणी भरल्यावर धुतलेली वाळू थराथराने आत सोडायची आणि लाकडी ओंडक्याने ठोकायची. वरून पाऊस चालूच. खांब पडला असता तर त्याच्यावरची दगडी तुळई आली असती, तिच्या मागोमाग छत. नऊशे वर्षं उभं राहिलेलं. मी रांगेत उभी राहून बादल्या पुढे देत होते आणि मनात फक्त एवढंच चाललं होतं की हे माझ्या हातून होऊ नये.

झालं नाही. नवी काच लावली, आठ दिवस रोज बघितली, ती फुटली नाही.

मग अहवाल लिहायची वेळ आली. त्यात मी लिहिलं की, हंगामी पावसामुळे भूजल अचानक वाढून पायाखालची वाळू हलली. पंपाबद्दल एक ओळही नाही. बोफाने नियमाप्रमाणे तो अहवाल मुकादमाला वाचून दाखवला, कारण त्याचीही सही लागायची. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते.

"पावसावर टाकलंत," तो म्हणाला. "चालेल. पावसाला बरंच ऐकायची सवय आहे." आणि त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपली मोटरसायकल घेऊन माझ्या गेस्ट हाऊसच्या दारात आला. मागे बोफा तिच्या स्कूटरवर. बोफा म्हणाली, ता म्हणतोय, चला, पाणी दाखवतो.

त्या दिवशी मी जे पाहिलं त्याची परतफेड माझ्याकडून होणार नाही.

त्याने उत्तरेकडून सुरुवात केली. तिकडे लांब कुलेनचे डोंगर, पाऊस आधी तिथे कोसळतो. तिथून दक्षिणेला मोठ्या सरोवरापर्यंत जमीन उतरत जाते, पण इतकी हळू की डोळ्याला सपाटच वाटते. किलोमीटरला जेमतेम मीटरभर. एवढ्याशा उतारावर पावसाचं पाणी नदीसारखं वाहत नाही, चादरीसारखं पसरतं. त्या लोकांनी ती चादर धरली. उताराला आडवे मातीचे लांबलचक बांध घातले, बांधाला लागून कालवे, आणि पाणी वळवत वळवत खाली आणलं. ज्या पाण्याच्या काठाने आम्ही चाललो होतो ती मी नदीच समजत होते. ता सारून म्हणाला, नदी कसली, बरीचशी माणसाने खणलेली आहे.

मग तलाव. त्याला ते बाराय म्हणतात. पश्चिमेचा सगळ्यात मोठा, आठ किलोमीटर लांब आणि दोन रुंद. मी विचारलं, एवढं कसं खणलं? तो हसला. खणलंच नाही. चारी बाजूंनी मातीचे बांध उचलले आणि जमिनीच्या वरच पाणी धरलं. याचा अर्थ मला लगेच कळला, कारण आम्ही भरावावर जगणारी माणसं. पाणी जमिनीच्या वर असलं की ते उतारावरच्या शेतात आपोआप जातं, उपसावं लागत नाही. पावसाळ्यात जास्तीचं पाणी शहरावर चालून येण्याआधी तिथे थांबायचं, उन्हाळ्यात हळूहळू सुटायचं. एकच तलाव पुरापासून वाचवायचा आणि दुष्काळापासूनही.

तिथून जुन्या राजधानीच्या तटापाशी. तटाच्या आत पडणारा पाऊस नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे वाहत जातो, कारण उतार तिकडे आहे. तिथे आत एक तळं, आणि तटाखालून बाहेरच्या खंदकात उघडणारी दगडी भुयारं. शहराचं पाणी आधी तळ्यात, गाळ तिथे बसतो, मग भुयारातून खंदकात, खंदकातून कालव्यात, आणि शेवटी सरोवरात. ता सारूनने वाकून मला भुयाराचं तोंड दाखवलं. त्याचा उंबरा नीट बघा, म्हणाला. त्या उंबऱ्याने आतल्या तळ्याची पातळी ठरते. त्याच्यावरचं पाणी जातं, खालचं राहतं.

मग एक पूल. मी पुलांची बाई, त्यामुळे त्याने तो मुद्दाम शेवटी ठेवला असावा. दगडी कमानी कोरड्याठाक उभ्या आणि नदी पुलाला वळसा घालून शेजारून, कितीतरी खालून वाहतेय. कालवा सरळ खणला की पाणी वेगात जातं, आणि वेगातलं पाणी तळ खात जातं. शतकांनंतर आधी लांबलेले दुष्काळ आले, मग एकदम मोठे पावसाळे आले. काही कालवे खोल गेले, काही गाळाने भरले, आणि पाणी ज्या दारातून आत यायचं ते दार उंचावर राहिलं. लोक गेले. मी कमानीखाली उभी राहिले आणि विचारलं, मग अंगकोर वाटचा खंदक कसा वाचला?

"त्याची साफसफाई कधी थांबली नाही," बोफाने सांगितलं. देवळात भिक्खू राहत आले, खंदकात पाणी राहत आलं. आणि मग तिने मला ते सांगितलं जे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. देऊळ उभं आहे ओल्या, दाबून बसवलेल्या वाळूवर. वाळू ओली आहे तोवर घट्ट आहे. उन्हाळ्यात जमिनीखालचं पाणी फार खाली जाऊ नये आणि पावसाळ्यात फार वर येऊ नये, हे खंदक सांभाळतो. भरतो तेव्हा जमिनीला देतो, जमीन भरली की तिचं घेतो. गावातली हॉटेलं बोअर मारून पाणी ओढू लागली तेव्हा सगळ्यांना धास्ती वाटली ती याचीच. म्हणून अलीकडे जुने खंदक, कोरडे पडलेले तलाव, बुजलेले कालवे पुन्हा साफ करून वाहते केले. नवं काही केलं नाही, जुनंच उघडलं.

तीस वर्षं मी समजत होते की पाया म्हणजे कोरडी जागा. ता सारून मला दिवसभर दाखवत होता की पाण्याला बाहेर काढायचं नसतं, त्याची पातळी सांभाळायची असते. आणि हे तो एका अशा बाईला दाखवत होता जिने आदल्या दिवशी खोटं लिहिलं होतं. आमच्या अमरावतीकडे देवळाशेजारी बारव असते, मी लहानपणी तिच्या पायऱ्यांवर बसून पेरू खाल्लेत. तरी कधी मनात आलं नाही की देवळाने पाणी जवळ का ठेवलं असेल.

निघायच्या दिवशी मी बोफाकडून एक शब्द पाठ करून गेले. ऑकुन, म्हणजे आभार. ता सारूनने दोन्ही हात जोडले. अहवाल बदलायची हिंमत मात्र मला झाली नाही. अनिललाही मी ती गोष्ट सांगितली नव्हती. घरी फोटो दाखवले, कोरीवकाम दाखवलं, सगळे वा वा म्हणाले.

तर परवा मी गमबूट घालून, हातात फावडं घेऊन मागे गेले. पंपाची नळी तळ्यात सोडलेली, ऑपरेटर हँडल धरून उभा, सोसायटीतले पंधरावीस जण छत्र्या घेऊन काठावर. अनिल होता, इरा होती. पाणी कुंपणाच्या भिंतीला टेकलं होतं आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला आतून ओल आली होती. पंपाला सगळ्यात जास्त हो म्हणायचं कारण माझ्याच घरात होतं.

मी ती भिंत बघितली. ती तळ्याच्या काठावरच उभी आहे, खाली गोमतीच्या खोऱ्यातली बारीक रेतीची माती, तीन दिवसांच्या पावसाने तुडुंब भिजलेली. तळ्याचं पाणी तिला बाहेरून टेका देत होतं. दोन तासांत तो टेका काढून घेतला तर मातीतलं पाणी आतून ढकलेल, रेती धावेल आणि काठ भिंतीसकट तळ्यात येईल. गाड्या, विजेची पेटी, काठावरची ही माणसं.

मी मिश्राजींना पंप लावायचा नाही म्हणाले. त्यांचा विश्वास बसेना. एक इंजिनिअर म्हणतेय पाणी काढू नका? कोणीतरी मागून म्हणालं, मैडम का अपना घर डूब रहा है, फिर भी. नियम सांगून भागणार नव्हतं. ऑपरेटरने हँडल फिरवायला घेतलं होतं.

"मैंने एक बार यही किया था," मी म्हणाले. "पंप लगाया था. नौ सौ साल पुराना मंदिर गिरते गिरते बचा. और मैंने रिपोर्ट में बारिश का नाम लिख दिया."

ऑपरेटरने हँडल सोडलं. मी सगळं सांगितलं, पत्र्याचा मग, फुटलेली काच, बादल्या, सही. माझ्या हिंदीत मराठी घुसत होती, तरी मी सांगत गेले. अनिल छत्री मिटून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. इराने हळूच विचारलं, "मम्मी, आपने कभी बताया क्यों नहीं?" मी म्हणाले, लाज वाटली. तिने माझ्या हातातलं फावडं घेतलं.

पोखरला जास्तीचं पाणी जायची वाट असणारच, एवढं मला माहीत होतं. जुन्या माणसांनी केलेलं तळं बिनवाटेचं नसतं. दक्षिणेच्या कोपऱ्यात झुडपांच्या आत एक विटांची मोरी सापडली, प्लास्टिक, राडारोडा आणि गाळाने गच्च भरलेली. दोन तास आम्ही ती उकरली. मिश्राजी पायजमा वर खोचून उतरले, पंपवालाही उतरला. शेवटचा गठ्ठा निघाला तसं पाणी मोरीत शिरलं आणि पलीकडच्या नाल्याकडे निघालं. जोरात नाही, सावकाश. भिंतीवरची ओली रेघ बोटभर दिसली, मग चार बोटं, मग वीतभर.

दुपारी चारच्या सुमारास पाणी मोरीच्या विटांच्या उंबऱ्याला टेकलं आणि उतरायचं थांबलं. भिंत उभी होती. तळं भरलेलं होतं.

"अब?" मिश्राजींनी विचारलं. ते अजून कमरेइतक्या चिखलात उभे होते. "और कितना निकालना है?"

"अब कुछ नहीं करना है, मिश्राजी," मी म्हणाले. "अब इसे रहने दीजिए."

संध्याकाळी अनिल स्वयंपाकघरातल्या ओलसर भिंतीवर हात ठेवून उभा होता. ओल जायला हिवाळा लागेल, असं मी त्याला सांगितलं. मग मी बसले आणि सात वर्षं उशिराने बोफाला पत्र लिहिलं: अहवालातली ती ओळ चूक आहे, पाऊस निर्दोष होता, पंप मी लावला होता, आणि हे ता सारूनला वाचून दाखव.